विश्लेषण : एकच फवारणी, निकाल मात्र ३३, ६६ आणि ९२ टक्के! भातावरचा करपा नेमका मोजतात कसा?

मुळशी तालुक्यातील कोळवणच्या खोऱ्यात लावणी आटोपली, की ऑगस्टमध्ये शेतकऱ्याची नजर भाताच्या पानांवर खिळते. दिवसचे दिवस ढगाळ हवा, रिमझिम, रात्री गारवा आणि सकाळी उशिरापर्यंत ओली राहणारी पाने. करप्याच्या बुरशीला नेमके हेच हवे असते. याच दिवसांत औषधांची माहितीपत्रके, प्रात्यक्षिकांचे फलक आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो फिरू लागतात. प्रत्येकावर एक टक्का छापलेला असतो : ‘करप्यावर ६६ टक्के नियंत्रण’, ‘९२ टक्के परिणाम’.

हे आकडे खोटेच असतात असे नाही. अडचण वेगळी आहे. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी पाहिलेल्या त्याच रोपांवरून ३३, ६६ आणि ९२ असे तिन्ही आकडे प्रामाणिकपणे काढता येतात. कोणत्या पट्टीने मोजले, रोपे कशी निवडली आणि गणित कोणते केले, हे सांगितल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नसतो. चाचणीचा निकाल शेतकऱ्यापुढे ठेवताना मूळ मोजणीही ठेवली पाहिजे, असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

कोळवणसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

मुळशी आणि शेजारचे मावळ हे सुवासिक भाताचे पट्टे. आंबेमोहोर इथला जुना, पण तो करप्याला सहज बळी पडतो. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेली इंद्रायणी महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९८७ मध्ये प्रसारित केली आणि ती या भागात घरोघरी पोहोचली. विद्यापीठाचे वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्र इथून फार लांब नाही. भाताच्या वाणांची करप्याविरुद्धची परीक्षा देशात ज्या ठिकाणी घेतली जाते, त्यांत लोणावळ्याचेही नाव आहे. या डोंगरपट्ट्यात करपा मुद्दाम आणावा लागत नाही, तो आपणहून येतो.

म्हणजे कोणता वाण टिकतो आणि कोणती फवारणी चालते याचे निर्णय याच प्रकारच्या हवेत, याच प्रकारच्या खाचरांत होतात. त्या निर्णयांचा पाया एका आकड्यावर उभा असतो. कृषी शास्त्रज्ञ त्याला ‘पर्सेंट डिसीज इंडेक्स’ म्हणजेच पीडीआय म्हणतात. मराठीत त्याला टक्केवारी रोग निर्देशांक म्हणता येईल.

आधी रोग ओळखला का?

मोजणीतली पहिली चूक मोजण्याआधीच होते. पानावरचा प्रत्येक तपकिरी ठिपका करप्याचा नसतो. करप्याचा पूर्ण वाढलेला ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा असतो. मधला भाग राखाडी आणि कडा तपकिरी. तपकिरी ठिपके हा भातावरचा दुसराच बुरशीजन्य रोग आहे. त्याचे ठिपके तिळासारखे अंडाकृती असतात आणि पानभर बऱ्यापैकी सारखे विखुरतात. पोषण कमी पडलेल्या भातावर तो जास्त दिसतो.

शंका आली तर खात्री करता येते. ठिपका असलेल्या पानाचा तुकडा ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या डबीत रात्रभर ठेवायचा आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. करप्याच्या बुरशीचे बीजाणू नासपतीच्या आकाराचे, बहुधा तीन कप्प्यांचे दिसतात. चाचणी घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच एवढे केले नाही, तर पुढची सगळी आकडेमोड दोन रोगांची खिचडी होऊन बसते.

‘किती रोपे’ आणि ‘रोपाचा किती भाग’ यात फरक काय?

रोग दोन तऱ्हांनी मोजता येतो. पहिली तऱ्हा म्हणजे किती रोपांवर रोग आहे ते पाहणे. शंभर चुडांपैकी नव्वद चुडांवर ठिपके दिसले, तर रोगाचे प्रमाण ९० टक्के. इथे एक ठिपका असलेला चूड आणि पूर्ण जळालेला चूड सारखाच धरला जातो.

दुसरी तऱ्हा म्हणजे तीव्रता. रोपाच्या पानांचा किती भाग रोगाने खाल्ला, हे इथे पाहतात. पिकाच्या दृष्टीने महत्त्व याला जास्त, कारण दाणा भरण्यासाठी लागणारे अन्न पानाचा हिरवा भाग तयार करतो. पण शेतात उभे राहून प्रत्येक चुडाचे क्षेत्रफळ मोजणे शक्य नसते. म्हणून नजरेने अंदाज घेऊन एक श्रेणी द्यायची, अशी पद्धत रूढ झाली.

शून्य ते नऊची पट्टी काय सांगते?

भातासाठी जगभर वापरली जाणारी पट्टी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची आहे. इंद्रायणीचा एक पालक असलेला आयआर-८ हा वाणही याच संस्थेचा. पानांवरच्या करप्यासाठी तिच्या श्रेणी साधारण अशा :

- ० : ठिपका नाही.
- १ : टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी बिंदू.
- २ : एक-दोन मिलिमीटरचे गोलसर राखाडी ठिपके, कडा स्पष्ट तपकिरी. बहुतेक खालच्या पानांवर.
- ३ : ठिपके तसेच, पण वरच्या पानांवरही लक्षणीय संख्येने.
- ४ : करप्याचे खरे, तीन मिलिमीटर किंवा त्याहून लांब ठिपके. पानांचा ४ टक्क्यांपेक्षा कमी भाग बाधित.
- ५ : ४ ते १० टक्के भाग बाधित.
- ६ : ११ ते २५ टक्के.
- ७ : २६ ते ५० टक्के.
- ८ : ५१ ते ७५ टक्के.
- ९ : ७५ टक्क्यांहून जास्त.

ही यादी नीट वाचली, तर इथे दोन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात. शून्य ते तीनपर्यंत प्रश्न आहे तो ठिपका कोणत्या प्रकारचा आणि कुठे आहे याचा. बुरशी पानात शिरली, पण रोपाने तिला अडवले, असे हे लहान ठिपके सांगतात. चारपासून पुढे प्रश्न बदलतो आणि किती भाग गेला हे विचारले जाते.

वाण निवडणाऱ्या पैदासकारासाठी ही जोडणी अगदी सोयीची आहे. हजारो ओळींतून रोग अडवणारे रोप कोणते आणि न अडवणारे कोणते, हे त्याला झटकन वेगळे करायचे असते. गडबड होते ती हीच पट्टी फवारणीच्या चाचणीत उचलून तिच्या श्रेणींची बेरीज-भागाकार करू लागल्यावर.

पीडीआय काढतात कसा?

हे सूत्र शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील एच. एच. मॅककिनी यांनी १९२३ मध्ये गव्हाच्या रोपांवरील रोगासाठी असा निर्देशांक वापरला. भारतातील कृषी प्रबंधांत मात्र त्याच्यापुढे बहुधा ‘व्हीलर, १९६९’ असा संदर्भ दिसतो. सूत्र सोपे आहे :

पीडीआय = (सर्व श्रेणींची बेरीज × १००) ÷ (तपासलेल्या चुडांची संख्या × पट्टीवरील कमाल श्रेणी)

आता एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एका चाचणीत काही वाफे फवारणीविना ठेवले आणि काहींवर बुरशीनाशक फवारले. दोन्हींतून प्रत्येकी १०० चूड तपासले.

फवारणी न केलेल्या भातात १० चूड स्वच्छ आढळले. १० चुडांना श्रेणी १, २० चुडांना श्रेणी ३, २० चुडांना श्रेणी ४, २५ चुडांना श्रेणी ५ आणि १५ चुडांना श्रेणी ७ मिळाली. प्रत्येक श्रेणीला तिच्या चुडांच्या संख्येने गुणून बेरीज केली, तर १० + ६० + ८० + १२५ + १०५ = ३८०. कमाल शक्य बेरीज १०० × ९ = ९००. म्हणून पीडीआय ४२.२.

फवारलेल्या भातात ४० चूड स्वच्छ, २५ चूड श्रेणी १, १५ चूड श्रेणी २, १० चूड श्रेणी ३, ७ चूड श्रेणी ४ आणि ३ चूड श्रेणी ५ चे. बेरीज २५ + ३० + ३० + २८ + १५ = १२८. पीडीआय १४.२.

न फवारलेल्याच्या तुलनेत पीडीआय ४२.२ वरून १४.२ वर आला, म्हणजे ६६ टक्क्यांनी घटला. माहितीपत्रकावर ‘६६ टक्के नियंत्रण’ येते ते असे.

मग ३३ आणि ९२ कुठून आले?

त्याच चुडांकडे पुन्हा पाहू. या वेळी फक्त रोग आहे की नाही एवढेच मोजू. न फवारलेल्यात ९० चूड रोगट, फवारलेल्यात ६०. घट ३० ची, म्हणजे नव्वदच्या ३३ टक्के. या मोजमापाने औषध जेमतेम ठरते.

आता तिसरी पद्धत. प्रत्येक श्रेणीऐवजी ती ज्या क्षेत्राबद्दल बोलते त्याचा मध्य घेऊ. श्रेणी ४ साठी २ टक्के, श्रेणी ५ साठी ७ टक्के, श्रेणी ७ साठी ३८ टक्के. श्रेणी १ ते ३ साठी पट्टी क्षेत्रफळ सांगत नाही, पण ठिपके इतके बारीक असतात की अर्धा टक्का धरणे वावगे ठरू नये. न फवारलेल्या भातात पानांचा सरासरी ८ टक्के भाग बाधित निघतो. फवारलेल्यात ०.६ टक्के. घट ९२.५ टक्के. त्याच औषधाला आता सोन्याचा भाव!

एकही चूड बदललेला नाही, कोणी लबाडी केलेली नाही. बदलला तो फक्त विचारलेला प्रश्न. किती चूड वाचले, याचे उत्तर ३३. पानांचा किती हिरवा भाग वाचला, याचे उत्तर ९२. पीडीआयचा ६६ हा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि त्याला प्रत्यक्ष शेतात दाखवता येईल अशी कोणतीही वस्तू नाही.

सर्वसामान्य वाचकाची फसगत इथेच होते. ‘पीडीआय ४२ टक्के’ ऐकले, की जवळजवळ अर्धे पीक करपले असे चित्र डोळ्यांसमोर येते. आपल्या उदाहरणात मात्र पानांचा फक्त ८ टक्के भाग बाधित होता. श्रेणी ३ ही श्रेणी ९ च्या एक तृतीयांश नसते. तीन आणि नऊ ही इथे इयत्तांसारखी क्रमाने लावलेली नावे आहेत. तिसरीतला मुलगा नववीतल्या मुलाच्या एक तृतीयांश शिकलेला असतो, असे कोणी म्हणत नाही. सूत्र मात्र नेमके तसेच धरून चालते.

आकडा सारखा, पण शेते वेगळी, असे होऊ शकते?

होऊ शकते, आणि कोळवणसारख्या भागात त्याचा फटका मोठा असतो. समजा, पहिल्या वाफ्यातील ९९ च्या ९९ चुडांना श्रेणी ३ मिळाली. बेरीज २९७, पीडीआय ३३.३. दुसऱ्या वाफ्यात ६६ चूड निर्मळ, पण ३३ चूड श्रेणी ९ चे, म्हणजे जवळपास जळून गेलेले. बेरीज पुन्हा २९७, पीडीआय पुन्हा ३३.३.

पहिल्या वाफ्यातला वाण करप्याला पुरून उरतो आहे. त्याच्यावर फवारणी करणे बहुधा पैसे वाया घालवणे ठरेल. दुसऱ्या वाफ्यात एक तृतीयांश भात गेल्यात जमा आहे आणि तिथून बुरशी शेजारी पसरायला मोकळी आहे. कदाचित बियाण्यात भेसळही असेल, कारण काही रोपे पूर्ण निर्मळ आणि काही पूर्ण जळालेली असे चित्र एकाच वाणात सहसा दिसत नाही. फलकावर दोघांपुढे ‘३३.३’ असेच लिहिले जाणार. कोणत्या श्रेणीत किती चूड होते, ही एक ओळ खाली छापली असती तर फरक कोणालाही दिसला असता.

चूड निवडले कसे, याला इतके महत्त्व का?

गणित कितीही अचूक असले, तरी चुडांची निवड चुकली तर सगळे मुसळ केरात. करपा शेतात सारखा पसरत नाही, तो पट्ट्यापट्ट्याने येतो. जिथे युरिया जास्त पडला तिथे, झाडाच्या सावलीत पाने उशिरा वाळतात तिथे आणि पाणी टिकत नाही अशा वरच्या खाचरात तो जास्त भडकतो. पाणी साठलेल्या भातापेक्षा कोरड्या पडणाऱ्या भातात करपा बळावतो, हे जुने निरीक्षण आहे.

कोळवणची खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली आहेत. अशा ठिकाणी फवारलेले वाफे खालच्या खाचरांत आणि न फवारलेले वरच्या खाचरांत ठेवले, तर औषधाचा गुण आणि पाण्याचा गुण वेगळा काढता येणारच नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर सगळ्या उपचारांचा एकेक वाफा ठेवायचा, त्यांची जागा चिठ्ठी टाकून ठरवायची आणि अशा तीन-चार पायऱ्या घ्यायच्या, ही चाचणीची मूळ शिस्त आहे.

वाफ्याच्या आत शिरल्यावरही शिस्त लागते. ५ मीटर × ३ मीटरच्या वाफ्यात २० × १५ सेंटिमीटरवर लावणी केली, तर १५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३३ चूड बसतात, म्हणजे सुमारे ५००. कडेच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन चूड सोडून द्यायचे, कारण तिथे शेजारच्या वाफ्यातली फवारणी उडून येते आणि हवा-प्रकाशही वेगळा असतो. उरले ११ ओळींतले ३१९ चूड. त्यांतून २५ निवडायचे. एक ते बारामधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, तिथून सुरुवात करायची आणि ओळीने जात दर बाराव्या चुडापाशी थांबायचे, पंचवीस पूर्ण होईपर्यंत. अशा चार वाफ्यांचे मिळून एका उपचाराचे १०० चूड होतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण माणसाचा पाय बांधावरून फार आत जात नाही आणि नजर ठिपक्यांकडे आपोआप ओढली जाते. ‘सहज फिरून’ निवडलेल्या चुडांत रोगट चूड नेहमी जास्त निघतात. फवारलेल्या वाफ्यात मात्र मन नकळत हिरव्या चुडांकडे वळते. बाराव्या चुडाचा नियम या दोन्ही ओढी मोडून काढतो.

चारही वाफ्यांचे आकडे वेगवेगळे पाहणेही तितकेच गरजेचे आहे. आपल्या उदाहरणातला फवारलेल्या भाताचा १४.२ हा पीडीआय चार वाफ्यांच्या सरासरीतून आला असे समजू. ते चार आकडे ६.२, ८.९, १३.८ आणि २८.० असेही असू शकतात. तसे असेल, तर एका पायरीवर औषध फारसे चाललेले नाही आणि त्याचे कारण शोधायला हवे. नुसता १४.२ ते लपवतो. आणखी एक गोष्ट. या चाचणीत १०० चूड तपासले, तरी औषधाची खरी परीक्षा चारदाच झाली, कारण वाफे चार होते. एकाच वाफ्यातले हजार चूड मोजूनही ही उणीव भरून निघत नाही.

डोळा कुठे फसतो?

नजरेच्या अंदाजात एक ठरलेली खोट आहे. रोग कमी असताना, विशेषतः बारीक ठिपके बरेच असताना, माणूस बाधित भाग प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतो. पानावर तीन टक्के डाग असतील, तर अनेकांना ते दहा टक्के वाटतात. श्रेणी ४ आणि ५ यांची सीमा नेमकी याच जागी आहे.

यावरचे उपाय महाग नाहीत. किती टक्के डाग कसे दिसतात, हे दाखवणारी पानांची रेखाचित्रे हातात ठेवायची. मोजणी सुरू करण्याआधी वीस चुडांना श्रेणी द्यायची आणि तासाभराने आधीचे आकडे न पाहता त्याच चुडांना पुन्हा द्यायची. दोन वेळच्या श्रेणींत वारंवार एकापेक्षा जास्त फरक पडत असेल, तर तो माणूस अजून मोजायला तयार नाही. दोघे जण मोजणार असतील, तर एकाने सगळे फवारलेले आणि दुसऱ्याने सगळे न फवारलेले वाफे घ्यायचे नाहीत. एका पायरीवरचे सगळे वाफे एकानेच पाहायचे. वाफ्यावर औषधाचे नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहायचा, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनातला कौल कागदावर उतरत नाही.

कागदावरची चूक कशी ओळखायची?

सर्रास होणारी एक चूक सूत्राच्या भागाकारात असते. पट्टी नऊपर्यंतची, पण शेतात दिसलेली सर्वांत वरची श्रेणी सात. अशा वेळी काही जण नऊऐवजी सातने भागतात. आपल्या उदाहरणात न फवारलेल्याचा पीडीआय मग ४२.२ ऐवजी ५४.३ होतो. फवारलेल्यात दिसलेली कमाल श्रेणी पाच, तिने भागले तर १४.२ चे २५.६ होतात. नियंत्रण ६६ वरून ५३ टक्क्यांवर घसरते. प्रत्येक वाफ्याला वेगळी पट्टी लावल्याचा हा परिणाम. भागायचे ते पट्टीवरच्या कमाल श्रेणीने, शेतात ती दिसो वा न दिसो.

एक साधी पडताळणी कोणालाही करता येते. पीडीआय कधीही रोगट चुडांच्या टक्केवारीपेक्षा जास्त असू शकत नाही, कारण एक रोगट चूड बेरजेत फार तर पूर्ण नऊ गुण घालू शकतो. अहवालात ‘४० टक्के चूड रोगट, पीडीआय ४५’ असे दिसले, तर गणित नक्की चुकलेले आहे.

पानांचा करपा कमी झाला, म्हणजे भात वाचला?

तसे म्हणता येत नाही. करपा पुढे लोंबीच्या मानेवरही येतो. लोंबी बाहेर पडताना मान काळी पडून करपली, तर दाणे भरत नाहीत आणि हाती पळिंज येते. हा नुकसानीचा खरा घाव. तो पानांच्या पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी लोंब्या मोजाव्या लागतात, त्यांची श्रेणी वेगळी असते आणि ती दाणे पक्व होत असताना द्यावी लागते.

म्हणून ऑगस्टमधल्या पानांच्या पीडीआयवरून ऑक्टोबरमधल्या उत्पन्नाचे आश्वासन देणारी जाहिरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते. मोजणी कोणत्या अवस्थेत झाली, फवारणीनंतर किती दिवसांनी झाली आणि लोंबीवर पुन्हा झाली का, हे विचारल्याशिवाय तो आकडा अर्धाच राहतो.

मग पीडीआय टाकाऊ ठरतो का?

नाही. एका चाचणीच्या आत, एकाच माणसाने, एकाच पट्टीने, एकाच दिवशी मोजलेले उपचार एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी तो कामाचा आहे. काम झटपट होते आणि पावसात, चिखलात उभे राहून शेकडो चूड बघणाऱ्याला याहून फार बारीक मोजमाप परवडतही नाही. ‘कोण पुढे, कोण मागे’ हा क्रम पीडीआयने बहुधा बरोबर लागतो.

तो लंगडा पडतो तो शेताबाहेर काढल्यावर. ० ते ५ च्या पट्टीवरचा पीडीआय ० ते ९ च्या पट्टीवरच्या पीडीआयशेजारी ठेवला, एका हंगामाचा दुसऱ्याशी जोडला किंवा ‘इतके टक्के पीक वाचले’ अशा भाषेत त्याचे भाषांतर केले, की तो दिशाभूल करू लागतो. यावर उपायही साधा आहे : श्रेणींऐवजी त्यांच्या क्षेत्रफळाचा मध्य घेऊन सरासरी काढायची आणि पीडीआयसोबत तीही द्यायची. शेतात काम वाढत नाही. आकडे तेच, फक्त कागदावर आणखी एक ओळ.

शेतकऱ्याने काय विचारावे?

पुढच्या वेळी प्रात्यक्षिकाच्या फलकावर टक्का दिसला, की चार प्रश्न पुरेसे आहेत. पट्टी कोणती होती आणि कितीपर्यंतची? प्रत्येक श्रेणीत किती चूड निघाले? चूड कसे निवडले आणि वाफे किती होते? न फवारलेल्या वाफ्यात रोग मुळात किती होता?

शेवटचा प्रश्न कधीच सोडू नये. न फवारलेल्या भातातच पानांचा जेमतेम एक टक्का भाग बाधित असेल, तर ‘९२ टक्के नियंत्रण’ मिळवूनही एक टक्काच वाचतो. तेवढ्यासाठी फवारणीचा आणि मजुरीचा खर्च करायचा का, हा हिशेब शेतकऱ्याला स्वतः करता आला पाहिजे.

त्यासाठी लागणारी माहिती चाचणी घेणाऱ्याच्या वहीत आधीपासूनच असते. दहा श्रेणी आणि त्यांच्यापुढे चुडांची संख्या, इतकाच तो तक्ता. विद्यापीठाच्या पत्रिकेत, कृषी विभागाच्या फलकावर आणि औषधाच्या माहितीपत्रकात टक्क्याच्या शेजारी तो छापण्याचा नियम केला, तर खर्च शाईचाच आहे. शेत ज्याचे, पीक ज्याचे, त्याला गणिताचे फक्त उत्तर सांगून भागणार नाही. मांडणीही त्याच्या हातात द्यावी लागेल.